जाहीर इशारा : लेखी परवानगीशिवाय लावलेले आमचे चिन्ह तीस दिवसांत उतरवा

आमच्या कंपनीचे सबमर्सिबल पंप विकणारे डीलर आणि सब-डीलर, दुरुस्ती केंद्रे, बोअर मारणारे ठेकेदार, आमच्याशी करार करून काम करणारे भागीदार आणि त्यांना आमचे बोधचिन्ह छापून देणारे छापखाने व फ्लेक्सवाले, या सर्वांना हा इशारा आहे. तुमच्याकडे कंपनीच्या सही-शिक्क्याचे परवानगीपत्र नसेल आणि तरीही तुमच्या दुकानावर, टेम्पोवर, बिलबुकावर, स्टार्टरच्या पेटीवर किंवा मोबाईलवरच्या जाहिरातीत आमचे चिन्ह असेल, तर ते आजपासून 30 दिवसांच्या आत उतरवा. पत्र होते पण त्याची मुदत संपली, अशांनाही हेच लागू आहे. ज्यांना चिन्ह पुढेही हवे आहे त्यांनी याच 30 दिवसांत लेखी अर्ज करावा. अर्ज केला म्हणजे परवानगी मिळाली, असे कोणी धरू नये. उत्तर हातात पडेपर्यंत चिन्ह उतरलेलेच असले पाहिजे.

असा इशारा काढण्याची वेळ यावी, याचे मला दुःख आहे. आमचे बहुतेक डीलर वीस-वीस वर्षांपासून आमच्याबरोबर आहेत, घरच्यासारखे आहेत. त्यांच्या मुलांच्या लग्नांना मी गेलो आहे. पण गेल्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून मला जे ऐकावे लागले, त्यानंतर घरच्यासारख्यांनाही लेखी सांगितले पाहिजे हे मला पटले. काय घडले ते सांगतो. ज्यांनी हे केले त्यांचे नाव आणि गाव इथे सांगणार नाही. त्यांच्याशी जे बोलायचे ते वकिलामार्फत चालू आहे.

मराठवाड्यातल्या एका जुन्या डीलरने आमच्याकडे पत्र पाठवून बोधचिन्ह वापरण्याची परवानगी मागितली होती. मागण्या तीन होत्या. पहिली, दुकानावरच्या वीस फूट बाय चार फूट पाटीवर चिन्ह लावण्याची. दुसरी, बिलबुकावर आणि व्हिजिटिंग कार्डावर चिन्ह छापण्याची. तिसरी मागणी अशी की, ते गावातल्याच एका कारागिराकडून स्टार्टरचे पॅनल जुळवून घेतात, त्या पेटीच्या दारावर आमचे चिन्ह असावे. पंप कंपनीचा आणि पॅनल साधे, असे गिऱ्हाइकाला बरे वाटत नाही, असे त्यांनी लिहिले होते. पत्र सरळ मनाने लिहिलेले होते आणि आम्हीही सरळ उत्तर दिले.

पाटीला आम्ही होकार दिला, अटींसह. दुकानाचे स्वतःचे नाव मोठे असले पाहिजे, चिन्ह त्याच्या डाव्या बाजूला, नावाच्या निम्म्याहून मोठे नाही आणि त्याखाली 'अधिकृत विक्रेता' हे दोन शब्द. हे शब्द काही सजावटीसाठी नाहीत. ते नसले तर रस्त्यावरून जाणारा माणूस त्या दुकानाला कंपनीचे दुकान समजतो आणि तिथे दिलेला प्रत्येक शब्द कंपनीने दिला असे धरून चालतो.

बिलबुकाच्या बाबतीत अर्धा होकार दिला. बिल विक्रेत्याचे असते. त्यावर जीएसटी क्रमांक त्याचा, माल दिल्याची जबाबदारी त्याची. बिलाच्या माथ्यावर आमचे चिन्ह आले की ते बिल कंपनीने फाडल्यासारखे दिसते आणि उद्या त्याच बिलावर पाइप, केबल, दुसऱ्या कंपनीची मोटर असे काहीही लिहिले गेले तरी गिऱ्हाईक आमच्याकडे येते. म्हणून आम्ही कळवले की माथ्यावर नाही, खाली एका पट्टीत, 'या कंपनीच्या पंपांचे अधिकृत विक्रेते' या ओळीसह चालेल. व्हिजिटिंग कार्डावर चालेल, पण चिन्हाची रुंदी 12 मिलिमीटरपेक्षा कमी नको. त्याहून लहान छापले की चिन्हाखालची अक्षरे भरून जातात आणि नुसता निळा ठिपका उरतो.

पॅनलला आम्ही स्पष्ट नकार दिला. लेखी आणि कारणासह. पॅनल आम्ही बनवत नाही, त्यात कोणता कॉन्टॅक्टर आणि कोणता रिले बसवला जातो हे आम्ही पाहत नाही आणि जे आम्ही तपासत नाही त्यावर आमचे चिन्ह जाणार नाही, एवढेच त्या पत्रात होते.

त्यांनी पाटी लावली, कार्ड छापले आणि पॅनलवरही चिकटवले. तीन इंची स्टिकर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून छापून घेतलेले.

मार्च महिन्यात एका शेतकऱ्याची साडेसात एचपीची थ्री फेज मोटर जळाली. तीनशे फूट खोल बोअर, रात्रीची लाईट, कांद्याला शेवटची दोन पाणी द्यायची राहिलेली. आमचा माणूस गेला, तेव्हा पेटीच्या दारावरचे स्टिकर त्याला पहिल्यांदा दिसले. त्याने दार उघडले. मोटरच्या पाटीवर पूर्ण भाराचा करंट 15 अँपिअर लिहिलेला होता, त्या बोअरवर ती प्रत्यक्षात साडेबारा ओढत होती आणि ओव्हरलोड रिलेचा काटा 22 वर ठेवलेला होता. सिंगल फेज प्रिव्हेंटर पेटीत नव्हताच.

ज्यांना यातले कळते त्यांना पुढचे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. थ्री फेज मोटर चालू असताना एक फेज गेली, तर मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती घुमत चालत राहते आणि त्या दोन तारांमधून जवळपास पावणेदोन पट करंट ओढते. साडेबाराचे साडेएकवीस झाले. रिले पाटीप्रमाणे 15 च्या आत असता तर त्याने काही वेळात मोटर तोडली असती. 22 वर ठेवलेल्या रिलेला साडेएकवीस म्हणजे सगळे ठीकच वाटते. प्रिव्हेंटर असता तर त्याने फेज गेल्याबरोबर पुरवठा तोडला असता. कॉन्टॅक्टरची कॉइल ज्या दोन फेजवर जोडलेली होती नेमक्या त्याच दोन शाबूत होत्या, म्हणून कॉन्टॅक्टरही सुटला नाही. शेतकरी घरी झोपला होता. पहाटे येऊन पाहतो तर पाणी बंद आणि पेटीजवळ जळका वास.

रिले 22 वर का होता, तर अधूनमधून मोटर तुटते अशी तक्रार येऊ नये म्हणून जोडणाऱ्यानेच तो वर सरकवून ठेवला होता. हे आपल्याकडे शेकडो पेट्यांमध्ये सापडेल.

तो शेतकरी मला म्हणाला, "साहेब, मी वायरमनचं ऐकलं नाही, डीलरचं ऐकलं नाही. पेटीवर तुमचा छाप बघितला आणि घेतली." त्याच्या हातात आमच्या पंपाचे वॉरंटी कार्ड होते. त्यात स्पष्ट छापलेले आहे की सदोष स्टार्टरमुळे किंवा फेज गेल्यामुळे मोटर जळाल्यास वॉरंटी लागू नाही. ते कार्ड त्याच्यासमोर वाचून दाखवायची मला हिंमत झाली नाही. सदोष म्हणून ज्या पेटीकडे मी बोट दाखवणार होतो तिच्यावर आमचेच चिन्ह होते. पंप वर काढणे, रिवाइंडिंग, नवे पॅनल आणि पंप पुन्हा सोडणे, हा सगळा खर्च कंपनीने केला. पंप चालू होईपर्यंत अकरा दिवस गेले. कांदा वाचला नाही.

नंतर डीलरचे म्हणणे असे आले की, स्टिकर तर स्टिकर, त्याने कंपनीचे काय गेले, उलट फुकट जाहिरातच झाली. हा युक्तिवाद मी आणखी पाच-सहा ठिकाणी ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर इथे जाहीरपणे देतो.

चिन्ह देणे म्हणजे जामीन राहणे आहे. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला विचारा, सही करताना त्याचे काय गेले होते? काहीच नाही. हप्ता थकला तेव्हा गेले. दुसऱ्याच्या पेटीवर आमचे चिन्ह म्हणजे त्या पेटीला आमची सही आणि ज्या कर्जाचा कागदच आम्ही पाहिला नाही त्याला जामीन राहायला आम्ही तयार नाही.

हे नुसते म्हणायचे नाही, कायद्यातही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादक कोणाला म्हणायचे याची व्याख्या दिली आहे. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो आपले चिन्ह लावतो किंवा लावून घेतो, त्यालाही तो कायदा उत्पादकच म्हणतो. म्हणजे त्या डीलरच्या पत्राखाली मी 'मंजूर' लिहिले असते, तर त्या क्षणापासून गावातल्या कारागिराने जुळवलेल्या प्रत्येक पेटीचा उत्पादक आमची कंपनी ठरण्याचा रस्ता मी माझ्या हाताने मोकळा केला असता. पेटीतला रिले मी कधी पाहिला नाही, हे तिथे सांगून भागत नाही. ज्या भागीदारांना नकार मिळाल्याचा राग आला आहे त्यांनी हे समजून घ्यावे. त्यांच्यावर अविश्वास म्हणून आम्ही नाही म्हणत नाही. जे तपासता येत नाही त्याची हमी देता येत नाही, म्हणून नाही म्हणतो.

दुसरी बाजू चिन्हाच्या स्वतःच्या आयुष्याची आहे. ट्रेडमार्क कायदा, 1999 प्रमाणे नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी ती पुढे चालवता येते. पण नोंदणीचा कागद तिजोरीत ठेवून चिन्ह टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या खटल्यात सांगून ठेवले आहे की, मालकाने आपले चिन्ह दुसऱ्याला वापरायला देण्यास हरकत नाही, मात्र त्यामुळे लोकांची फसगत होता कामा नये, चिन्हाचे वेगळेपण नष्ट होता कामा नये आणि त्या मालाचा व मालकाचा व्यापारातला संबंध टिकून राहिला पाहिजे. आमच्या सगळ्या अटी या तीन गोष्टींतूनच आलेल्या आहेत. जो मालक वर्षानुवर्षे कोणालाही, कशावरही चिन्ह लावू देतो, त्याच्या चिन्हावरून माल कोणाचा हे ओळखता येईनासे होते. पुढे खऱ्या नकली मालाविरुद्ध तो न्यायालयात गेला की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की, इतकी वर्षे पाहत होतात, मग तेव्हा का बोलला नाहीत? मला त्या प्रश्नापुढे खाली मान घालून उभे राहायचे नाही.

त्या स्टिकरमध्ये आणखी एक गुन्ह्यासारखी गोष्ट होती. त्यावर आमच्या चिन्हाच्या खांद्याशी वर्तुळातला इंग्रजी 'आर' छापलेला होता. हे अक्षर 'नोंदणीकृत' असे सांगते. आमची नोंदणी वर्ग 7 मध्ये आहे, म्हणजे पंप आणि यंत्रे. स्टार्टर आणि विजेची पॅनल वर्ग 9 मध्ये येतात आणि तिथे आमची नोंदणी नाही. ज्या मालासाठी चिन्ह नोंदलेले नाही त्या मालावर ते नोंदणीकृत आहे असे दाखवणे कायद्याने दंडनीय आहे. छापणाऱ्याला हे माहीत नव्हते. त्याने फोटोत होते तसे छापले. आणि म्हणूनच छापखान्यांचे नाव मी या इशाऱ्यात पहिल्याच परिच्छेदात घातले आहे. आमचे चिन्ह छापायला कोणी आले, तर परवानगीपत्राची प्रत मागा आणि ती आपल्या फायलीत ठेवा. प्रत न घेता छापलेत, तर नोटीस तुम्हालाही येईल.

आयएसआय चिन्हाच्या बाबतीतही दुकानदार असाच गोंधळ करतात. सबमर्सिबल पंपसेटसाठीचे मानक आयएस 8034 आहे आणि भारतीय मानक ब्युरोचा परवाना आम्हाला त्या मालासाठी, त्या कारखान्यासाठी मिळालेला आहे. म्हणून आमच्या पंपावर आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो परवाना आम्हीसुद्धा कोणाला उसना देऊ शकत नाही. दुकानाच्या पाटीवर, पॅनलवर किंवा पाइपच्या बंडलावर आमच्या चिन्हाशेजारी आयएसआय चिन्ह लावण्याची परवानगी आम्ही आजवर कोणाला दिलेली नाही आणि देणारही नाही. ज्यांनी लावले आहे त्यांनी 30 दिवसांची वाट पाहू नये, आजच काढावे.

आता परवानगी कशी मिळते ते सांगतो, म्हणजे 'आम्हाला कोणी सांगितलेच नाही' असे पुढे कोणाला म्हणता येणार नाही.

अर्जात चिन्ह नेमके कशावर लावायचे, कुठे लावायचे, किती दिवसांसाठी, शेजारी कोणते शब्द असतील आणि छापणार कोण, हे लिहा. 'जाहिरातीसाठी चिन्ह हवे आहे' एवढ्याच ओळीचा अर्ज आम्ही परत पाठवतो. कामाच्या दहा दिवसांत लेखी उत्तर देण्याची जबाबदारी आमची. उत्तर उशिरा आले तर तक्रार जरूर करा, पण आमचे मौन म्हणजे संमती नव्हे. आमच्या विक्री प्रतिनिधीने तोंडी 'लावा हो, काही होत नाही' म्हटले असेल तर त्यालाही काही किंमत नाही. तसा अधिकार त्याला दिलेला नाही.

होकार आला तर पत्रासोबत चिन्हाची मूळ फाईल मिळेल, कोरलमध्ये आणि पीडीएफमध्ये. चिन्ह फक्त त्याच फाईलमधून घ्यायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेला फोटो मोठा केला की चिन्हातल्या निळ्या थेंबाची कड करवतीसारखी दातेरी होते, निळ्याचा हिरवट होतो आणि आमच्या नावातली वेलांटी तुटते. बांधावरच्या त्या पेटीवरचे स्टिकर आमच्या माणसाने दहा फुटांवरून ओळखले ते याच तीन खुणांवरून. रंग बदलायचा नाही, चिन्ह ताणायचे नाही, त्याच्या चारही बाजूंना थेंबाच्या उंचीइतकी जागा मोकळी सोडायची आणि आपल्या दुकानाचे नाव त्याच्यात गुंफून तिसरेच चिन्ह तयार करायचे नाही. शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते. थेंबाच्या पोटात स्वतःच्या नावाची आद्याक्षरे घातलेल्या चार पाट्यांचे फोटो माझ्या टेबलावर आहेत. त्यातली एक खरोखर सुबक आहे, पण तीही उतरवावी लागेल.

छापण्यापूर्वी नमुना पाठवायचा, आमची सही झाली की छापायचे आणि लावल्यावर सात दिवसांत फोटो पाठवायचा. एक पत्र एका वस्तूसाठी आणि एका जागेसाठी. पाटीसाठी मिळालेले पत्र टेम्पोला चालत नाही आणि तुमच्या नावाचे पत्र तुमच्या सब-डीलरला चालत नाही. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, 31 मार्चपर्यंत. डीलरशिप संपली, कोणत्याही कारणाने संपली, तर पंधरा दिवसांत चिन्ह उतरले पाहिजे आणि उरलेली बिलबुके, कार्डे, स्टिकरे नष्ट झाली पाहिजेत. डीलरशिप संपून तीन वर्षे झालेले एक दुकान आजही आमच्या पाटीखाली जुन्या मोटरी नव्या रंगात विकते. तिथून घेतलेल्या मोटरींच्या तक्रारी आमच्याकडे येतात आणि त्यातल्या एकीचाही अनुक्रमांक आमच्या नोंदवहीत सापडत नाही.

काही गोष्टींसाठी अर्ज करण्याचे कष्टच घेऊ नका. आम्ही बनवत नाही अशा कोणत्याही वस्तूवर चिन्ह मिळणार नाही, मग ते पॅनल असो, केबल असो की पाइप. वाढदिवसाच्या, निवडणुकीच्या आणि सण-उत्सवाच्या शुभेच्छा फ्लेक्सवर 'सौजन्य' म्हणून चिन्ह मिळणार नाही. आमचा पंप सर्व पक्षांच्या शेतकऱ्यांच्या विहिरीत आहे. गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीत स्वतःचे छायाचित्र म्हणून, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर किंवा पैसे घेण्याच्या क्यूआर कोडच्या मध्यभागी चिन्ह मिळणार नाही. तिथे ते पाहिले की माणूस पैसे कंपनीला जात आहेत असे समजतो.

कोणावर अन्याय होऊ नये म्हणून हेही स्पष्ट करतो. आमच्या कंपनीचे नाव साध्या अक्षरांत लिहून 'येथे अमुक कंपनीचे पंप मिळतात' किंवा 'अमुक कंपनीच्या मोटरी दुरुस्त करून मिळतील' असे कोणी खरेपणाने सांगत असेल, तर त्याला आमच्या परवानगीची गरज नाही. प्रामाणिक व्यापारात माल कोणाचा हे सांगण्यापुरते नाव घेण्याची मोकळीक कायदा देतो आणि ती हिरावून घेण्याचा आमचा विचार नाही. तालुक्याच्या ठिकाणी बसणारा रिवाइंडिंगवाला दहा कंपन्यांची नावे भिंतीवर रंगवतो, त्यात आमचेही असते. त्याला कोणी त्रास देणार नाही. त्याने 'अधिकृत' हा शब्द मात्र लिहू नये आणि आमचा थेंब काढू नये.

31 व्या दिवसापासून आमची माणसे तालुकानिहाय फिरतील आणि फोटो घेतील. जिथे चिन्ह सापडेल तिथल्या डीलरचा माल पुरवठा त्याच दिवशी थांबेल, वार्षिक सवलतीची रक्कम रोखली जाईल आणि कराराप्रमाणे डीलरशिप रद्द करण्याची नोटीस जाईल. जे आमचे डीलर नाहीत त्यांच्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात मनाईचा दावा दाखल होईल. त्यात नुकसानभरपाई किंवा मिळवलेल्या नफ्याचा हिशेब आणि चिन्ह असलेला सर्व माल ताब्यात देण्याची मागणी असेल. दुसऱ्याच्या मालावर खोटे चिन्ह लावणे हा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 103 खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. पॅनलवर चिन्ह लावणाऱ्यांच्या बाबतीत आम्ही याच कलमाखाली तक्रार करणार आहोत. तडजोडीसाठी कोणी मध्यस्थ घेऊन येऊ नये. आलेल्याला चहा मिळेल, मुदतवाढ मिळणार नाही.

ज्यांनी पॅनलवर स्टिकरे लावून माल विकला आहे, त्यांच्यासाठी एकच वाट खुली आहे. आपण होऊन 30 दिवसांच्या आत कळवा. किती पेट्या विकल्या आणि कोणाला विकल्या, याची बिलांसह यादी द्या. त्या प्रत्येक पेटीतला रिले तपासून मोटरच्या पाटीप्रमाणे लावून देण्याचा आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवण्याचा खर्च तुमचा, माणूस आमचा. अशी यादी देणाऱ्याविरुद्ध आम्ही फौजदारी तक्रार करणार नाही, हे मी इथे लेखी देतो. यादी लपवली आणि त्या पेट्यांपैकी एकीवर आणखी एक मोटर जळाली, तर मग आमच्याकडून कसलीही दयामाया होणार नाही.

आणि शेतकरी बांधवांना विनंती. आमच्या कंपनीने आजपर्यंत एकही स्टार्टर किंवा पॅनल बनवलेले नाही. तुमच्या विहिरीवरच्या किंवा बोअरवरच्या पेटीवर आमचा निळा थेंब असेल, तर ती पेटी आमची नाही. लाईट नसताना, मेन स्विच पाडून, ओळखीच्या वायरमनकडून ती उघडून घ्या आणि रिलेचा आकडा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून पाहा. आकडा जास्त असेल किंवा फेज गेल्यावर तोडणारे यंत्र त्यात नसेल, तर तुमच्या पंपाच्या वॉरंटी कार्डावर छापलेल्या पत्त्यावर पेटीचा फोटो आणि बिलाची प्रत पाठवा. तपासणीचा खर्च कंपनी करेल आणि ती पेटी तुम्हाला कोणी विकली, हे आम्ही त्या बिलावरून पाहू.